एस-वक्राची कमाल पातळी दर महिन्याला उडी मारते: कारण आणि उपाय

तक्रार नेहमी एकच असते. नवं उत्पादन बाजारात येऊन वर्ष झालेलं असतं. महिन्यामहिन्याच्या विक्रीवर एस आकाराचा वक्र बसवलेला असतो आणि तो आकड्यांवर अगदी चपखल बसलेला दिसतो. पण "शेवटी एकूण किती नग खपतील?" या प्रश्नाचं उत्तर दर महिन्याला बदलतं. ऑगस्टमध्ये ते दोनशेच्या आत असतं, नोव्हेंबरमध्ये अठ्ठावीसशे होतं, आणि डिसेंबरमध्ये सॉफ्टवेअर लाखांत किंवा उणे आकड्यात उत्तर देतं. माणूस आधी सॉफ्टवेअरवर संशय घेतो, मग डेटावर, आणि शेवटी वैतागून पट्टीने सरळ रेघ ओढतो.

मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शेती-विद्युत सामानाच्या वितरकांची आकडेमोड करतो. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आला आहे की एकदा नीट, एका उदाहरणासह लिहून ठेवतो. उदाहरण अमळनेर-चोपडा पट्ट्यातल्या एका वितरकाचं आहे आणि वस्तू आहे मोबाइल स्टार्टर. आपल्याकडे शेताला थ्री-फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीच्या पाळीला मोटर चालू करायला मळ्यात जावं लागतं. मोबाइल स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असतं, त्यामुळे घरून फोन करून मोटर चालू-बंद करता येते. एका मोटरीला एक पेटी लागते आणि एकदा घेतली की काही वर्षं परत घ्यावी लागत नाही. एस-वक्र वापरायला अशीच वस्तू योग्य. खत किंवा बियाण्यासारखी पुन्हा पुन्हा घेतली जाणारी वस्तू असेल, तर विक्रीऐवजी "पहिल्यांदा घेणारे शेतकरी" मोजावे लागतात.

या वक्राला लॉजिस्टिक वक्र म्हणतात. त्याचं सूत्र असं:

```
y(t) = K / (1 + e^(-b(t - m)))
```

`y` म्हणजे आजवरची एकूण विक्री, `K` म्हणजे कमाल पातळी, `b` म्हणजे वाढीचा वेग आणि `m` म्हणजे निम्मा बाजार व्यापला जाईल तो महिना. नॉनलिनियर लीस्ट स्क्वेअर्स हे तिन्ही आकडे असे निवडतं की वक्र आणि प्रत्यक्ष विक्री यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी.

आधी सॉफ्टवेअरची भानगड मिटवा

स्क्रीनवर `Optimal parameters not found: Number of calls to function has reached maxfev = 800` असं येत असेल, तर बहुतेक वेळा दोष सुरुवातीच्या अंदाजाचा असतो. पायथनमधल्या सायपायच्या `curve_fit` ला `p0` दिला नाही तर तो तिन्ही आकडे १ धरून शोध सुरू करतो. एकूण विक्री २९० असताना कमाल पातळी १ धरून निघालेला शोध भरकटणारच. `K` साठी आजच्या विक्रीच्या तिप्पट-चौपट आकडा द्या, `m` साठी शेवटच्या महिन्याच्या थोडं पुढचा महिना द्या. वेळ महिन्यांत मोजा आणि पहिला महिना शून्य धरा. २०२४.०८ अशा वर्षांच्या दशांशात वेळ दिली की घातांकात प्रचंड आकडे जातात आणि गणित कोलमडतं.

दुसरा इशारा आहे `Covariance of the parameters could not be estimated`. सुरुवातीचा अंदाज सुधारूनही हा इशारा जात नसेल, तर तो बंद करू नका. खरा आजार तोच सांगतो आहे.

आजार: आकड्यांत कमाल पातळीची माहितीच नाही

हे हाताने पडताळता येईल म्हणून मी मुद्दाम तीनच आकडे घेतो. नोव्हेंबरअखेर एकूण ४० पेट्या, मेअखेर ११०, आणि पुढच्या नोव्हेंबरअखेर २९०. समान अंतरावरचे तीन बिंदू असतील तर त्यांतून जाणाऱ्या वक्राची कमाल पातळी थेट सूत्राने मिळते:

```
K = (2·y0·y1·y2 − y1²·(y0 + y2)) / (y0·y2 − y1²)
```

४०, ११० आणि २९० टाकले की उत्तर येतं २८८२.

आता फक्त शेवटचा आकडा हलवून बघा. नोव्हेंबरअखेरच्या विक्रीत १५ पेट्या कमी धरल्या, म्हणजे २७५, तर कमाल पातळी येते १२६५. पंधरा जास्त धरल्या, म्हणजे ३०५, तर उत्तर येतं उणे १४९०५. उणे म्हणजे वक्राला वरची मर्यादाच सापडत नाही, वाढ अजून निव्वळ चक्रवाढीसारखी दिसते. विक्रीच्या आकड्यात पाच टक्क्यांचा फरक पडला आणि निष्कर्ष "बाराशे पासष्ट"पासून "मर्यादाच नाही" इथपर्यंत गेला.

असं का होतं ते छेदाकडे पाहिलं की समजतं. `y0·y2 − y1²` हा आकडा चक्रवाढीपासून आपण किती वाकलो आहोत ते मोजतो. निव्वळ चक्रवाढ असती तर ११० चा वर्ग भागिले ४०, म्हणजे साधारण ३०२ पेट्या झाल्या असत्या. प्रत्यक्षात २९० झाल्या. कमाल पातळीबद्दल जे काही कळायचं ते सगळं या बारा पेट्यांच्या तुटीत आहे. आणि बारा पेट्या तर दोन डीलरांच्या दुकानात फळीवर पडून असू शकतात.

वेगाचं मात्र तसं नाही. २७५ धरून `b` येतो महिन्याला ०.१७८, २९० धरून ०.१७३. कमाल पातळी दुपटीहून जास्त झाली, पण वेग जवळपास जागचा हलला नाही. निम्म्या टप्प्याच्या बऱ्याच अलीकडे असलेला डेटा वेग चांगला सांगतो आणि पातळी अजिबात सांगत नाही. हे कळलं की पुढचा सगळा इलाज त्यातूनच निघतो.

बिंदू तीनऐवजी तेरा घेतले, दर महिन्याचा एक, तरी चित्र फारसं सुधारत नाही. एका वाकलेल्या तुकड्यावरचे बिंदू दाट केल्याने तुकडा लांब होत नाही. १९५७ मध्ये झ्वी ग्रिलिकेस या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या संकरित मक्याच्या प्रसारावर एस-वक्र बसवले, तेव्हा त्याने कमाल पातळी बाकीच्या दोन आकड्यांबरोबर एकाच झटक्यात काढली नाही. लॉजिस्टिक ग्राफपेपरवर वेगवेगळ्या पातळ्या धरून बिंदू मांडायचे, ज्या पातळीला ते सरळ रेषेत येतील ती घ्यायची, आणि मग वेग काढायचा, अशी त्याची पद्धत होती. संगणक हाताशी नसतानाची ही रीत मला आजच्या एका बटणाच्या फिटपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण पातळी किती सैल आहे ते तिच्यात डोळ्यांना दिसतं.

आपला आजार तोच आहे का, हे ओळखायची चाचणी

कमाल पातळी स्वतः ठरवून द्या, उरलेले दोन आकडे सॉफ्टवेअरला शोधू द्या, आणि हे वेगवेगळ्या पातळ्यांसाठी करा.

```python
import numpy as np
from scipy.optimize import curve_fit

tau = np.array([0, 6, 12])
y   = np.array([40, 110, 290])

for K in [900, 1500, 2100, 5000]:
    f = lambda t, b, m: K / (1 + np.exp(-b*(t - m)))
    (b, m), _ = curve_fit(f, tau, y, p0=[0.17, 20])
    print(K, b, m, np.abs(f(tau, b, m) - y).max(), f(np.array([18, 24]), b, m))
```

आमच्या उदाहरणात साधारण असं येतं:

| धरलेली कमाल पातळी | सर्वांत मोठी चूक (पेट्या) | १८ व्या महिन्याअखेर | २४ व्या महिन्याअखेर |
|---|---|---|---|
| ९०० | सुमारे ३ | ५५१ | ७५६ |
| १५०० | सुमारे १ | ६२७ | १०२५ |
| २१०० | अर्ध्याहून कमी | ६६४ | १२०१ |
| ५००० | अर्ध्याहून कमी | ७२३ | १५८६ |

दुसरा रकाना नीट पाहा. कमाल पातळी ९०० धरली तरी वक्र कुठेही तीनच्या आसपास पेट्यांपेक्षा जास्त चुकत नाही, आणि ५००० धरली तर चूक दिसतही नाही. ज्या मोजणीत पंधरा पेट्या इकडच्या तिकडे होऊ शकतात, तिच्या जोरावर यांतली एकही ओळ खोडता येणार नाही. तुमच्या डेटावर हा रकाना असाच सपाट आला, तर `curve_fit` ने दिलेली `K` कुणालाही सांगू नका. "वक्र ९९ टक्के जुळतो" हा दाखला इथे कुचकामी आहे, चारही वक्र तेवढेच जुळतात.

शेवटचे दोन रकानेही नीट पाहा. सहा महिन्यांनंतरचे आकडे एकमेकांच्या बरेच जवळ आहेत. बारा महिन्यांनंतरचे दुपटीने फाकले आहेत. वितरकाला येत्या हंगामासाठी माल भरायचा असतो, त्याला पहिला आकडा लागतो. डोकेदुखी दुसऱ्या प्रकारच्या आकड्याने होते, जो खरं तर त्याने विचारलेलाच नसतो.

दुसरा चेहरा: पावसाळ्यात पातळी खाली कोसळते

वरच्या उदाहरणात मी नोव्हेंबर आणि मे हे महिने असेच उचललेले नाहीत. या वितरकाचं खरं नुकसान त्या दोन्हींच्या मध्ये, ऑगस्टमध्ये झालं.

त्याची एकूण विक्री फेब्रुवारीअखेर ७५, मेअखेर ११० आणि ऑगस्टअखेर १४० होती. तीन-तीन महिन्यांचं समान अंतर. हे तीन आकडे त्याच सूत्रात टाकले की कमाल पातळी येते १८२. त्याच्या पुतण्याने एक्सेलच्या सॉल्व्हरवर वक्र बसवला होता, त्यालाही असंच काहीसं उत्तर मिळालं. वाढ थांबत आली, बाजार भरत आला, असं समजून त्यांनी पुढची ऑर्डर रोखली. ऑक्टोबरमध्ये मागणी आली तेव्हा गोडाऊनमध्ये माल नव्हता, आणि कंपनीकडून माल यायला तीन आठवडे लागले.

मी त्यांच्या दुकानात तो वक्र पाहत होतो तेव्हा शेजारी बसलेला पारोळ्याकडचा एक वायरमन म्हणाला, "भाऊ, पावसायामा मोटर कोन चालू करस?" सगळं निदान त्या एका वाक्यात होतं. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरीवरची मोटर बंद असते, तेव्हा स्टार्टर कोण घेणार? कापसाचा पैसा हातात आला, गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या, रात्रीची थ्री-फेज थंडीत आली, की मग पेटी आठवते. उन्हाळ्यात आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पूर्वहंगामी कापसाची तयारी सुरू होते तेव्हा पुन्हा थोडी विक्री होते. गणिताला यातलं काही माहीत नसतं. त्याला वाकलेला वक्र दिसतो आणि तो म्हणतो, मर्यादा जवळ आली.

ही चूक फक्त आपल्या पावसाळ्याची नाही. १९९७ मध्ये व्हॅन डेन बुल्ट आणि लिलियन या संशोधकांनी अशा प्रसार-मॉडेलांबद्दल दाखवून दिलं की आकडे थोडे आणि डळमळीत असले की नॉनलिनियर लीस्ट स्क्वेअर्सची कमाल पातळी शेवटच्या नोंदलेल्या आकड्याच्या जवळ चिकटून राहते, आणि नवीन आकडे येतील तशी वर सरकते. आपल्याकडे हंगामामुळे हा आजार आणखी बळावतो.

इलाज असा. कॅलेंडरचा महिना मोजू नका, विक्रीचा महिना मोजा. म्हणजे नोव्हेंबर आणि जुलै यांना सारखं एक-एक न धरता, ज्या महिन्यात जेवढी खरेदी होते तेवढंच वक्राचं घड्याळ पुढे सरकू द्या. एका वर्षाच्या डेटातून हंगाम आणि वाढ वेगळी करता येत नाहीत, त्यामुळे हे वजन बाहेरून आणावं लागतं. आम्ही ते याच दुकानाच्या साध्या स्टार्टरच्या तीन वर्षांच्या बिलांवरून काढलं. साधा स्टार्टर ही जुनी, स्थिरावलेली वस्तू आहे, तिच्या चढउतारात हंगामच दिसतो. वर्षाची बेरीज १२ ठेवली:

```python
# डिसेंबर ते नोव्हेंबर
w = np.array([1.6, 1.2, 0.9, 0.8, 0.6, 0.9,
              0.6, 0.4, 0.4, 0.8, 1.8, 2.0])
tau = np.concatenate([[0], np.cumsum(w)])
```

या घड्याळात फेब्रुवारीअखेर ३.७ महिने झालेले असतात, मेअखेर ६, ऑगस्टअखेर फक्त ७.४ आणि नोव्हेंबरअखेर १२. डिसेंबर ते मे आणि जून ते नोव्हेंबर या दोन्ही सहामाह्यांचं वजन सहा-सहा येतं, म्हणूनच वरची हाताची आकडेमोड या टोकांवर चालली. कमाल पातळी १५०० धरून काढलेला वक्र या घड्याळावर ऑगस्टअखेर १४० पेट्याच सांगतो. म्हणजे ऑगस्टची विक्री मंदावलेली नव्हतीच, ठरल्या चालीनेच चालली होती.

साध्या स्टार्टरची बिलं नसतील तर मोटर-रिवाइंडिंगवाल्याच्या वहीवरून किंवा केबलच्या विक्रीवरून वजन काढा. थोडं चुकीचं वजनही "सगळे महिने सारखे" या गृहीतकापेक्षा बरं असतं.

कमाल पातळी कुठून आणायची

गावात जाऊन मोजायची. दुसरा मार्ग मला माहीत नाही.

या वितरकाच्या हद्दीत शेतीपंपाच्या सुमारे ३४०० जोडण्या होत्या. त्यांतल्या ६०० विहिरी एकतर आटलेल्या किंवा बऱ्याच काळापासून बंद. राहिल्या २८००. तापीकाठच्या आणि नाल्यातल्या काही मळ्यांत मोबाइलला रेंज नाही, काही मोटरी घराला लागूनच आहेत, काहींना सौर कृषी पंप मिळतो आहे आणि दिवसा चालणाऱ्या सौर पंपाला रात्रीच्या पाळीची कटकटच नाही. हे वजा करून २१०० ही वरची हद्द ठरली. मग सहा गावांत मोटर असलेल्या शेतकऱ्यांना सरळ विचारलं. काहींनी सांगितलं की विहिरीत भावाभावांचा वाटा आहे, पेटीचा खर्च कुणी करायचा यावर एकमत होणार नाही. काहींनी सांगितलं की सालदार मळ्यातच राहतो, तो मोटर चालू करतो. असे सगळे वगळले तर १५०० उरतात. ही खालची हद्द.

आता तक्त्यातल्या मधल्या दोनच ओळी उरल्या. सहा महिन्यांनंतर ६२७ ते ६६४, म्हणजे डिसेंबर ते मे या काळात ३३७ ते ३७४ पेट्या. एवढ्या रुंदीवर ऑर्डर देता येते. एक वर्षानंतरचा आकडा १०२५ ते १२०१ असाच सांगायचा, मधला एक आकडा काढून द्यायचा नाही. शिवाय ही हद्द कायमची नाही. पेटीची किंमत उतरली तर खालची हद्द वर जाईल, सौर पंप वाढले तर वरची हद्द खाली येईल. दर आखाजीला ती पुन्हा मोजा.

`curve_fit` मध्ये `bounds` देऊन `K` ला १५०० ते २१०० मध्ये डांबताही येतं, पण मला ते पटत नाही. डेटात पातळीची माहिती नसली की शोध बहुतेक वेळा एका भिंतीला जाऊन टेकतो आणि तुम्हाला १५०० किंवा २१०० असं "उत्तर" मिळतं, जे तुम्हीच घातलेलं असतं. दोन्ही टोकं वेगवेगळी बसवून दोन्ही उत्तरं समोर ठेवणं जास्त सरळ आहे.

एकूण विक्रीवर बसवू नका, महिन्याच्या विक्रीवर बसवा

एकूण विक्रीच्या प्रत्येक आकड्यात मागच्या सगळ्या महिन्यांच्या चुका साठलेल्या असतात. मार्चमध्ये दहा पेट्या जास्त नोंदल्या गेल्या, तर एप्रिल, मे, जून सगळेच दहाने फुगतात. लीस्ट स्क्वेअर्स मात्र प्रत्येक चूक स्वतंत्र आहे असं धरतं. त्यामुळे ते स्वतःच्या उत्तराबद्दल नको इतकं निर्धास्त होतं आणि त्याने दाखवलेला चुकीचा संभाव्य पट्टा फसवा अरुंद येतो. श्रीनिवासन आणि मेसन यांनी १९८६ मध्ये नव्या वस्तूंच्या प्रसाराच्या बास मॉडेलला नॉनलिनियर लीस्ट स्क्वेअर्स लावलं तेव्हाही वक्राच्या दोन टोकांतला फरक काढून तो प्रत्येक काळातल्या विक्रीशी जुळवला होता. इथेही तेच करायचं. खाली `y` मध्ये आता तेरा महिनाअखेरींची एकूण विक्री आहे:

```python
K = 1500   # मग 2100 धरून पुन्हा
def monthly(tau, b, m):
    F = K / (1 + np.exp(-b*(tau - m)))
    return np.diff(F)

(b, m), cov = curve_fit(monthly, tau, np.diff(y), p0=[0.17, 20])
```

आणि विक्री म्हणजे कोणती विक्री, हेही इथेच ठरवा. डीलरला पाठवलेला माल म्हणजे शेतकऱ्याने घेतलेला माल नव्हे. दिवाळीआधी डीलर पंचवीस पेट्या उचलतो आणि त्यातल्या दहा संक्रांतीपर्यंत फळीवर असतात. मोबाइल स्टार्टरचं एक बरं आहे, आतलं सिम ज्या दिवशी चालू होतं त्या दिवशी पेटी मळ्यात बसलेली असते. बिलांऐवजी सिम चालू झाल्याच्या तारखा घेतल्या आणि वर म्हटलेला पंधरा पेट्यांचा गोंधळ चार-पाचवर आला.

कमाल पातळी डेटातून काढायची वेळ कधी येते

हंगामाचं वजन काढून टाकल्यावरची मासिक विक्री, म्हणजे महिन्याची विक्री भागिले त्या महिन्याचं वजन, वाढत वाढत जाऊन एका उंचीवर थांबली आणि मग सलग काही महिने खाली येऊ लागली, तर निम्मा टप्पा ओलांडला. त्यानंतर तक्त्यातला चुकांचा रकाना सपाट राहत नाही, खोटी पातळी धरली की चूक ठळक दिसू लागते. आमच्या उदाहरणात १५०० धरली तर हा टप्पा विसाव्या महिन्याच्या आसपास येतो, २१०० धरली तर बाविसाव्याच्या पुढे. बाराव्या महिन्यात पातळी विचारणं हे फार लवकर आहे.

निम्म्या टप्प्यानंतरही एक मर्यादा राहते. लॉजिस्टिक वक्र दोन्ही बाजूंनी सारखा असतो, त्याची विक्री बरोबर निम्म्यावर सर्वाधिक असते. गोम्पर्ट्झ या दुसऱ्या एस-वक्राची ती सुमारे ३७ टक्क्यांवर असते. म्हणजे सर्वाधिक विक्रीच्या महिन्यापर्यंत ९०० पेट्या गेल्या असतील, तर लॉजिस्टिक १८०० सांगेल आणि गोम्पर्ट्झ साडेचोवीसशेच्या आसपास. मोजून आणलेली हद्द इथेही उपयोगी पडते.

पुढचा आकडा आला की काय तपासायचं

डिसेंबरचं वजन १.६ आहे. १५०० धरून डिसेंबरअखेर एकूण ३६५ पेट्या येतात, २१०० धरून ३६८. फरक तीनचा. म्हणजे डिसेंबरचा आकडा चुकला तर दोष कमाल पातळीचा असूच शकत नाही, तिचा इतक्या जवळच्या महिन्यावर परिणामच नाही. ३४० आला, तर आधी सिमची यादी पूर्ण आहे का ते पाहा. मग कापसाचे पैसे उशिरा आले का, पाणी उशिरा सुरू झालं का, म्हणजे १.६ हे वजन यंदा लागू होतं का ते पाहा. जानेवारीतही तूट भरून निघाली नाही, तर `b` नव्याने बसवा. `K` ला हात लावायचा तो गावातली मोजणी बदलली तरच.